पहिलं कार्ड घेण्याआधी

मला परवाच 18 पूर्ण झाली. अजून कुठलंच कर्ज नाही, म्हणजे माझा सिबिल स्कोअर शून्य असेल ना? यूपीआयने रोज पैसे देते, त्याचा काही उपयोग?

शून्य असा स्कोअर नसतोच. मोजपट्टी 300 ते 900 अशी आहे. तुझ्यासारख्यांच्या रिपोर्टवर आकड्याऐवजी NH किंवा -1 दिसतं. त्याचा अर्थ एवढाच की तुझ्याबद्दल लिहायला अजून काही नाही. पाटी कोरी आहे, खराब नाही.

यूपीआय, डेबिट कार्ड, बचत खात्यातली शिल्लक यांतलं काहीही स्कोअरमध्ये धरत नाहीत, कारण ते पैसे तुझेच आहेत. स्कोअर बघतो तो उसने घेतलेले पैसे तू कसे परत करतेस ते. बँका आणि फायनान्स कंपन्या ही माहिती सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्यांना कळवत असतात. आपण ज्याला सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, ते त्या चारांतल्या एकीचं नाव.

कार्डाच्या बिलावर ‘मिनिमम ड्यू’ 1,000 रुपये लिहिलंय. तेवढे भरले की झालं, असं मित्र म्हणतो. खरं का?

स्कोअरपुरतं खरं आहे. तेवढे भरले तर हप्ता चुकल्याची नोंद होत नाही. खिशाचं काय होतं ते मात्र हिशेब मांडून बघ.

समज, तू 10 मे रोजी 20,000 चा फोन घेतलास. बिल 5 जूनला आलं आणि भरायची शेवटची तारीख 25 जून. त्या दिवशी पूर्ण 20,000 भरलेस तर व्याज शून्य. मित्राचं ऐकून फक्त 1,000 भरलेस, तर बिनव्याजी मुदतीची सवलतच जाते आणि व्याज मोजलं जातं खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे 10 मेपासून. बऱ्याच कार्डांवर दर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे वर्षाला 42 टक्के. 10 मे ते 25 जून हे 46 दिवस पूर्ण 20,000 वर सुमारे 1,059 रुपये, पुढच्या बिलापर्यंतचे 10 दिवस 19,000 वर सुमारे 219 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी. सगळं मिळून साधारण 1,507.

म्हणजे 5 जुलैचं बिल येतं 20,507 चं. हजार रुपये भरूनही देणं पाचशेने वाढलं! बरं, थकबाकी असेपर्यंत तू नवा वडापाव जरी कार्डावर घेतलास, तरी त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. बँकेत असताना हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवायचो, तेव्हा पगारदार माणसंसुद्धा दोनदा आकडेमोड करून बघायची.

आणखी एक गोष्ट. लिमिट 25,000 असेल तर 20,000 चं बिल म्हणजे 80 टक्के वापर. वेळेवर भरलंस तरी, बिलाच्या दिवशीचा एवढा मोठा आकडा स्कोअरला आवडत नाही. 30 टक्क्यांच्या आत, म्हणजे 7,500 पर्यंत राहिलेलं बरं. मोठी खरेदी झालीच तर बिल यायच्या आधीच थोडे पैसे भरून टाक.

मुलाला माझ्या कार्डावर अ‍ॅड-ऑन कार्ड काढून देतोय. त्याचा स्कोअर तयार होईल का?

सहसा नाही. अ‍ॅड-ऑनचा खर्च तुमच्याच नावावर चढतो, फेडायची जबाबदारीही तुमची. त्याने उधळपट्टी केली तर वापराची टक्केवारी तुमची वाढेल.

त्याला स्वतःचा इतिहास हवा असेल तर एफडीवरचं कार्ड सोपं. त्याच्या नावाने 15-20 हजारांची एफडी करायची, बँक त्याहून थोड्या कमी लिमिटचं कार्ड देते. पगाराची स्लिप लागत नाही. महिन्याला मोबाइलचा रिचार्ज तेवढा त्यावर करू द्या आणि पूर्ण बिल आपोआप भरलं जाईल अशी ऑटो-डेबिटची सोय लावा. ऑटो-डेबिट लावताना ‘मिनिमम’ नव्हे, ‘टोटल’ निवडलंय ना, ते स्वतः बघा. पोरं तिथेच चुकतात.

मैत्रिणीचा फोन माझ्या नावावर ईएमआयवर घेतला. ती दर महिन्याला पैसे देते. धोका आहे?

कर्ज तुझं आहे. तिने उशीर केला तर थकलेला हप्ता तुझ्या रिपोर्टवर लागेल. तिच्या नावाचा तिथे उल्लेखही नसेल. उरलेले हप्ते तू स्वतः वेळेवर भर, तिच्याकडून नंतर घे.

फोन फिटला की कर्ज ‘क्लोज्ड’ दिसतंय का ते तपास. सिबिलसारख्या त्या चार कंपन्यांपैकी प्रत्येक जण वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देते. चुकीची नोंद दिसली तर त्याच कंपनीकडे ऑनलाइन तक्रार करता येते. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तेव्हा तक्रारीचा क्रमांक जपून ठेव.