टीएलसीवर दोन स्पॉट वेगळे, कॉलममधून मात्र सगळं एकत्र

प्रश्न: एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे. सुझुकी कपलिंगचं 400 मिग्रॅ क्रूड आहे. 20% इथाइल अ‍ॅसिटेट-हेक्झेनमध्ये प्रॉडक्ट आणि उरलेलं ब्रोमो कंपाउंड टीएलसीवर वेगळे दिसतात. त्याच सॉल्व्हंटमध्ये कॉलम केला तर सगळ्या ट्यूबमध्ये दोन्ही येतात. दोनदा झालं. सिलिका वाढवू का?

उत्तर: वाचून एकदम माझा पीएचडीचा दुसरा पावसाळा आठवला, पुण्यातच होते आणि हीच चूक मी सलग तीन कॉलम केली, तेही चार स्टेप करून आणलेल्या मटेरियलवर. सिलिका वाढवू नका, निदान आत्ता तरी नको. आधी सॉल्व्हंट बदला.

माझे आकडे वहीतून देते. माझंही ब्रोमो केटोन आणि त्याचं बायअरिल प्रॉडक्ट असंच होतं. 20% मध्ये आरएफ 0.62 आणि 0.52, मध्ये स्वच्छ पांढरी जागा, मी खूश. पण कॉलममध्ये आरएफ उलटा वाचायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नाही. कंपाउंड बाहेर यायला किती कॉलम व्हॉल्यूम लागतील ते साधारण 1 भागिले आरएफ. म्हणजे एक 1.6 व्हॉल्यूमला बाहेर येतं आणि दुसरं 1.9 ला, फरक फक्त 0.3 चा. माझा कॉलम 3 सेंमी व्यासाचा, 50 ग्रॅम सिलिका, उंची साधारण 14-15 सेंमी, त्यात सॉल्व्हंट मावतं अंदाजे 75 मिली. 75 चे 0.3 म्हणजे बावीस-तेवीस मिली. मी 20 मिलीच्या ट्यूब भरत होते, म्हणजे दोघांच्या मध्ये जेमतेम एक ट्यूब, आणि पट्टे त्याहून रुंद. वेगळं होणार कुठून?

मग 5% मध्ये टीएलसी केली तर आरएफ 0.31 आणि 0.23 आले. प्लेटवर दोघांमधलं अंतर उलट कमी झालं, त्यामुळे बघताना वाटतं की हे आधीपेक्षा वाईट आहे, आणि इथेच सगळे फसतात. आता हिशोब करा: 3.2 आणि 4.3, फरक 1.1 व्हॉल्यूम, म्हणजे ऐंशी मिलीच्या आसपास, चार ट्यूब. तीच सिलिका, तेच क्रूड. प्रॉडक्ट 320 मिलीच्या आसपास यायला लागलं, सॉल्व्हंट थोडं जास्त गेलं, पण मिक्स ट्यूब फक्त दोन.

(टीएलसी प्लेटची सिलिका आणि कॉलमची सिलिका एक नसते, त्यामुळे हे 1 भागिले आरएफ अंदाजापुरतंच धरा, एखादी ट्यूब पुढेमागे होतेच.)

प्रेशर देऊन कॉलम चालवायची ही फ्लॅश पद्धत क्लार्क स्टिल यांनी 1978 मध्ये मांडली तेव्हाच हवं ते कंपाउंड 0.35 च्या आसपास ठेवा असं सांगितलं होतं. दोन स्पॉट जवळचे असतील तर मी अजून खाली, 0.2 ते 0.3 मध्ये आणते. त्याच्याही फार खाली जाऊ नका, पट्टा पसरतो आणि संध्याकाळ जाते. 0.1 च्या फरकाला 3 सेंमीच्या कॉलमवर साडेतीनशे-चारशे मिग्रॅ हीच मर्यादा आहे, म्हणजे तुमचं क्रूड बरोबर काठावर आहे, पण चालेल.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही पण मला शंका आहे: क्रूड कशात विरघळवून वर टाकलंत? मी 6 मिली डीसीएममध्ये टाकत होते कारण 5% मध्ये ते विरघळतच नव्हतं. डीसीएमबरोबर दोन्ही कंपाउंड भराभर खाली उतरतात, म्हणजे इल्यूएंट घालायच्या आधीच पट्टा सेंमीभर जाड झालेला असतो, मग पुढे काय वेगळं होणार. अशा वेळी ड्राय लोडिंग करा. 400 मिग्रॅ क्रूड थोड्या डीसीएममध्ये, त्यात 1 ग्रॅमभर सिलिका, आणि रोटावर पूर्ण सुकवा, भुरभुरीत पावडर व्हायला पाहिजे, फ्लास्कला चिकटत असेल तर डीसीएम अजून आहे. रोटाच्या तोंडाशी कापसाचा बोळा ठेवा, नाहीतर सिलिका उडून कंडेन्सरमध्ये जाते. (कंपाउंड अ‍ॅसिडला नाजूक असेल तर सिलिकावर सुकवू नका, तुमचं बायअरिल आहे, त्याला काही होणार नाही.)

पॅकिंगबद्दल थोडंच लिहिते, बाकी तुम्हाला येत असेल. स्लरी बाहेर बीकरमध्ये करा, 50 ग्रॅमला 150 मिली इल्यूएंट, ढवळा आणि हात लावून बघा, बीकर कोमट लागतो. सिलिका इथाइल अ‍ॅसिटेट धरताना उष्णता सोडते. हेच कॉलमच्या आत झालं तर बुडबुडे येतात, बेड चिरतो, आणि चिरेतून कंपाउंड सरळ खाली पळतं. म्हणून गार होऊ द्या, बुडबुडे जाऊ द्या, मग एका दमात ओता, रबरी नळीने बाजूने टकटक करा, प्रेशर देऊन बेड बसवा, वर सेंटीमीटरभर वाळू. सॉल्व्हंट वाळूच्या खाली जाऊ द्यायचं नाही, फोन आला तरी नाही. चालवताना सॉल्व्हंटची पातळी मिनिटाला 5 सेंमी उतरेल इतकंच प्रेशर द्या. काच तडकलेली नाही ना ते आधी बघा, वरचा जॉइंट क्लिपने धरा आणि सिलिका ओतताना मास्क लावाच.

आता सिलिकाच्या डब्यावरचा मेश वाचा, प्लीज. फ्लॅशला 230-400 लागते. आमच्या तिथल्या स्टोअरने माझ्या इंडेंटवर 60-120 दिली, परत करायला गेले तर "सिलिका म्हणजे सिलिकाच ना" आणि नवीन ऑर्डरला दीड महिना. त्या जाड सिलिकावर प्रेशर दिलं की सॉल्व्हंट धबधब्यासारखं येतं आणि सेपरेशन जातं. शेवटी शेजारच्या लॅबमधल्या एका ताईने दोनशे ग्रॅम दिली, त्यावर माझं काम झालं. अजून राग येतो आठवलं की, कारण त्या दीड महिन्यात मी स्वतःच्या हातांनाच दोष देत होते.

पावसाळ्यात अजून एक होतं: उघड्या डब्यातली सिलिका आणि टीएलसी प्लेट दोन्ही ओल धरतात आणि आरएफ वर सरकतो. जूनमधला 5% वाला आकडा एप्रिलमध्ये धरू नका. प्लेट ओव्हनमध्ये 110 ला थोडा वेळ ठेवून डेसिकेटरमध्ये गार करा, आणि इल्यूएंट एकदाच अर्धा लिटर बनवून त्याच बाटलीतून टीएलसी आणि कॉलम दोन्ही करा. मधेच पेट इथर घेतलंत तर टीएलसी पुन्हा करा, हेक्झेनचा आकडा त्याला लागेलच असं नाही.

माझा सगळा अनुभव अशा साध्या न्यूट्रल कंपाउंडचा आहे. अमाईन असेल तर इल्यूएंटमध्ये 1% ट्रायइथाइल अमाईन वगैरे वेगळा विषय, त्यावर दुसरं कुणीतरी लिहा.

तुमच्या आधीच्या दोन्ही कॉलमच्या मिक्स ट्यूब फेकल्या नसतील तर एकत्र करून सुकवा आणि 5, 7 आणि 10% अशा तीन टीएलसी करून आरएफ इथे टाका, ट्यूब कुठे बदलतील ते आपण मोजून बघू.