कृतिदेवमधला अहवाल युनिकोडमध्ये: पानाचा दर

पतसंस्थेचा वार्षिक अहवाल कृतिदेवमध्ये आहे, त्यांना युनिकोडमध्ये हवाय. पानाला किती लावू?

आधी एक पान म्हणजे किती शब्द, ते लेखी ठरवा. मी २५० धरते. ३००० शब्दांची १२ पानं. नाहीतर बारीक अक्षरात तोच मजकूर आठ पानांत बसतो आणि पैसेही आठाचेच मिळतात.

कृतिदेवमधलं ‘मराठी’ आतून ejkBh असतं, म्हणून कन्व्हर्टर लागतोच. पण त्यातून बरेचदा ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, रफार आणि पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते. छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचावी लागते. म्हणून रूपांतराचा दर कमी ठेवा आणि मुद्रितशोधनाचा वेगळा, त्याहून जास्त लावा. वेळ तिथेच जातो.