माओरी ‘माना’चा खरा अर्थ कोणता?

प्रश्न: न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या, भाषेतल्या ‘माना’ला शब्दकोशात प्रतिष्ठा, अधिकार, दैवी शक्ती असे वेगवेगळे अर्थ का दिलेत? खरा कोणता?

उत्तर: सगळेच. माओरी समजुतीनुसार मानाचा उगम देवांकडे आहे. तो पूर्वजांमार्फत वंशात उतरतो, आणि माणूस स्वतःच्या कर्तृत्वाने तो वाढवतो किंवा घालवतो. पाहुण्यांना पोटभर जेवू घातलं की यजमान कुळाचा माना वाढतो, ताटात कमी पडलं की उतरतो. म्हणजे प्रतिष्ठा, हुकूम चालवण्याचा हक्क आणि त्यामागचं दैवी बळ तिथे एकच. इंग्रजीत ते एका शब्दात मावत नाही, म्हणून कोशकार संदर्भ पाहून तुकडे करतो. शिवाय हा शब्द क्रियापदासारखाही येतो. तेव्हा अर्थ होतो ‘कायदेशीर असणं, लागू होणं’. (आपल्या ‘मान’शी उच्चार जुळतो, पण नातं काही नाही.)

या तुकड्यांनी राजकारणही घडवलं. न्यूझीलंडच्या 1835 च्या स्वातंत्र्य जाहीरनाम्यात माओरी सरदारांच्या सार्वभौम सत्तेसाठी ‘माना’ वापरला होता. 1840 मध्ये याच सरदारांनी ब्रिटिशांशी केलेल्या वाइटांगी कराराच्या माओरी मसुद्यात मात्र ब्रिटनच्या राणीला द्यायच्या सत्तेसाठी मिशनरी हेन्री विल्यम्स यांनी ‘कावानाटांगा’, म्हणजे गव्हर्नरपण, असा शब्द घातला. इंग्रजी मसुद्यात तिथे सार्वभौमत्व होतं. ‘माना’ लिहिलं असतं तर सरदारांनी सही केली नसती, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, आणि मला ते पटतं: जमिनीवरचा माना परक्या राणीला देऊन टाकायला कोण तयार झालं असतं?