पॉलिसी घेतली म्हणून रिबेट मिळतो का?

"सर, पगार वाढून २०२५-२६ ला वर्षाचा १३ लाख होतोय, नवीन रिजीम आहे. लिमिटच्या वर गेलं की साठ हजारांच्या वर टॅक्स बसतो म्हणे. म्हणून ओळखीच्या एजंटने वर्षाला ५० हजार हप्त्याची पॉलिसी दिली, कागद गेल्या आठवड्यात आले. आता रिबेट पूर्ण मिळेल ना?"

नाही मिळणार. नवीन रिजीममध्ये ८०सी ची वजावटच नाही, त्यामुळे हप्ता भरा नाहीतर भरू नका, तुमचं उत्पन्न एक रुपयाने सुद्धा खाली येत नाही. एजंटला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही, आणि राग येतो तो याचाच.

आता साठ हजारांची भीती. १३ लाखातून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन गेलं, राहिले सव्वाबारा लाख. स्लॅबने टॅक्स येतो ६३,७५०. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असतं तर ८७ए चा रिबेट मिळून शून्य झाला असता, तुम्ही २५ हजारांनी वर गेलात. पण म्हणून सगळे ६३,७५० भरायचे नसतात. मार्जिनल रिलीफचा नियम असा की १२ लाखांच्या वर जेवढं कमावलं त्यापेक्षा जास्त टॅक्स घ्यायचा नाही. म्हणजे २५ हजार, आणि त्यावर ४ टक्के सेस, एकूण २६ हजार. बघा, सेस रिलीफच्या नंतर लागतो, म्हणून वरचे २५ हजार तर जातातच, शिवाय खिशातले हजार. पगार साधारण १३ लाख ४५ हजारांच्या पुढे गेला की रिलीफ संपतो, मग सरळ स्लॅबने टॅक्स.

म्हणजे २६ हजार वाचवायला दरवर्षी ५० हजार अडकवले, आणि वाचले शून्य. जुन्या रिजीममध्ये जायचा विचारही नको, तिथे ८०सी चे पूर्ण दीड लाख धरले तरी टॅक्स १ लाख ४८ हजारांच्या आसपास येतो, घरभाडं किंवा होमलोन मोठं असेल तरच तो हिशोब वेगळा.

खरंच खाली यायचं असेल तर एचआरला विचारा, याच १३ लाखांतले २५ हजार कंपनीच्या वाट्याचं एनपीएस म्हणून वळवता येतात का. बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत ती वजावट नवीन रिजीममध्ये चालते, पण भरणा कंपनीकडूनच व्हायला हवा, तुम्ही स्वतः भरून उपयोग नाही. मग करपात्र उत्पन्न बरोबर १२ लाख, टॅक्स शून्य, आणि २६ हजार सरकारला जाण्याऐवजी २५ हजार तुमच्या खात्यात, फक्त ते निवृत्तीपर्यंत अडकतात हे धरून चला.

पण त्याआधी पॉलिसी. कागद हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लूक असतो, म्हणजे तेवढ्या दिवसांत पॉलिसी परत करता येते, तुमचा आठवडा गेलाय. एजंटला फोन करू नका, तो थांबा म्हणेल आणि दिवस निघून जातील. थेट विमा कंपनीला लेखी कळवा, कारण लिहा की टॅक्स वाचेल असं सांगून विकली, आणि पोच घ्या. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झालं असेल तर त्याचा खर्च आणि गेलेल्या दिवसांच्या विम्याचे थोडे पैसे कापून बाकीचा हप्ता परत मिळतो.