गोवा हनिमून पॅकेजचं कोटेशन मेलवर आलंय, पैसे भरण्याआधी काय बघू?

"14 फेब्रुवारीपासून 4 नाइट 5 डे, दोघांचे 52,000 अधिक जीएसटी. एजन्सी म्हणते 40 टक्के आज भरा, 40 टक्के 21 दिवस आधी, उरलेले हॉटेलवर पोचल्यावर. कॅन्सल केलं तर 30 दिवसांच्या आत 50 टक्के कापणार, 15 दिवसांच्या आत सगळेच. ठीक आहे का?"

मी म्हापशात एका ट्रॅव्हल ऑफिसात बसतो, असले मेल रोज टाइप करतो, त्यामुळे थोडं आमच्याच लोकांविरुद्ध बोलतोय असं समज.

52,000 चा आकडा सध्या बाजूला ठेव, आधी हॉटेलच्या नावापुढे बघ. तिथे बहुतेक "ऑर सिमिलर" असं लिहिलेलं असेल. म्हणजे तुला बीचला लागून असलेल्या हॉटेलचे फोटो दाखवले, पण ऐनवेळी बीचपासून दीड किलोमीटर आत गल्लीत त्याच स्टारचं दुसरं दिलं तरी कागदावर ते बरोबरच. मेलला रिप्लाय करून सांग की हॉटेल बदलणार असेल तर आधी माझी परवानगी घ्यायची, नाहीतर भरलेले पैसे पूर्ण परत, आणि रूमची कॅटेगरी नावानिशी लिहून घे.

आता पैशाचं, कारण खरी गोम तिथेच आहे. 40 टक्के म्हणजे 20,800 आज गेले. 24 जानेवारीला आणखी 20,800, म्हणजे 41,600 त्यांच्याकडे. समज 25 तारखेला घरात काही झालं आणि कॅन्सल केलंस, तर ते 26,000 कापणार आणि तुला 15,600 मिळणार, हे निदान लिहिलेलं तरी आहे. पण त्या 41,600 मधले हॉटेलला किती आणि कधी गेले हे मेलमध्ये कुठेच नसतं. आम्ही रूम आधी होल्डवर टाकतो आणि हॉटेल त्याला एक रिलीज डेट देतं, त्या तारखेपर्यंत एजन्सीने हॉटेलला पैसे नाही भरले की रूम सुटते. तू वेळेवर भरलेस तरीही सुटते! मागे एक जोडपं बॅगा घेऊन आमच्या ऑफिसात आलं होतं, दुसऱ्याच कुणाकडून बुकिंग केलेलं, पूर्ण पैसे भरलेले, पण कळंगुटच्या हॉटेलात रिसेप्शनवर त्यांचं नावच नाही. एजन्सीने व्हाउचर पाठवलेलं, पण त्यावर हॉटेलचा कन्फर्मेशन नंबर नव्हता, फक्त एजन्सीचा स्वतःचा रेफरन्स नंबर. बिचारी ती मुलगी, हातावरची मेंदी पण उतरली नव्हती.

तेव्हा दुसरा हप्ता तारखेला बांधू नकोस, हॉटेलच्या कन्फर्मेशन नंबरला बांध. नंबर आला की हॉटेलचा फोन त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून काढ, एजन्सीने दिलेल्या नंबरवर नको, आणि रिसेप्शनला तीनच गोष्टी विचार: कुणाच्या नावावर बुकिंग आहे, रूम कुठली, आणि कन्फर्म आहे की अजून होल्डवर. होल्डवर म्हणाले तर रिलीज डेट विचारून घे आणि एजन्सीला तीच तारीख सांगून त्याच्या आत हॉटेलचे पैसे भरायला लाव. जो एजंट यावर चिडतो त्याला आजचे 20,800 पण देऊ नकोस.

इन्क्लूजनमध्ये एअरपोर्ट पिकअप असेल तर कुठला ते विचार. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि मोपा (मोपा 2023 च्या जानेवारीत सुरू झाला). मोपा पार वर पेडण्यात आहे, तिथे उतरून हॉटेल पाळोळेला असेल तर अख्खा गोवा ओलांडून जायचंय, आणि कोटेशन दाबोळी धरून केलेलं असेल तर टॅक्सीवाला फरक तुझ्याकडूनच मागणार. तिकीट काढल्यावर फ्लाइटचा नंबर मेलवर टाक आणि त्याच रेटमध्ये पिकअप आहे असं लिहून घे. साइटसीइंगपुढे "एसआयसी" असेल तर बसमध्ये तीसेक लोकांबरोबर फिरणं, खाजगी गाडी नव्हे. हनिमूनला ते तुम्हाला चालतंय का ते तुम्हीच ठरवा.

ऑप्शनल म्हणून कॅण्डललाइट डिनर, बेडवर फुलं, केक असं काय काय लिहिलेलं असेल ते आता घेऊ नकोस, आल्यावर थेट हॉटेललाच सांग, आमचं कमिशन त्यातच असतं. मांडवीवरच्या क्रूझची तिकिटंही पणजीत सांता मोनिका जेटीवर मिळतात.

आणि "आज रात्रीपर्यंतच रेट आहे" असं म्हणत असतील तर हॉटेलचा स्वतःचा रेट त्याच तारखांना बघ. 14 फेब्रुवारी व्हॅलेंटाइनचा दिवस, रूम महाग असणारच, पण रात्रीत दुप्पट होत नाही. उद्या सकाळी चहा घेऊन भर.