सराव सत्र तपासताना क्लायंटचे पुढचे वाक्य वाचावे

प्रश्न: मी कोल्हापुरात समुपदेशनाच्या पदविकेच्या विद्यार्थ्यांना शिकवायला नुकतीच सुरुवात केली आहे. त्यांच्या सराव सत्रांना सक्रिय श्रवण, प्रश्न, समानुभूती आणि मर्यादांचा आदर या चार गोष्टींवर गुण द्यायचे आहेत. ऐकून ‘बरं वाटलं’ एवढ्यावर गुण द्यायचे नसतील, तर नेमके काय पाहायचे?

उत्तर: मी सत्र ऐकताऐकता गुण देत नाही. वीस मिनिटांचे सत्र दोघांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून त्यातली मधली दहा मिनिटे, साधारण पाचव्यापासून पंधराव्या मिनिटापर्यंतची, शब्दशः उतरवून घ्यायला सांगते. हे काम प्रशिक्षणार्थीनेच करावे, कारण स्वतःचे बोलणे कागदावर उतरवताना तिला अर्ध्या चुका आपोआप दिसतात. मग प्रशिक्षणार्थीच्या प्रत्येक बोलण्यापुढे मी समासात एकच शब्द लिहिते: खुला प्रश्न, बंद प्रश्न, प्रतिबिंबन, सल्ला किंवा दिलासा, नुसता हुंकार. प्रतिबिंबन म्हणजे क्लायंटचे म्हणणे किंवा भावना आपल्या शब्दांत त्याला परत ऐकवणे. ही मोजणी पूर्ण होईपर्यंत मत बनवायचे नाही, हा नियम मी स्वतःसाठी काटेकोरपणे पाळते.

अलीकडे तपासलेले एक सत्र ओळख पटणार नाही इतपत बदलून सांगते. एक प्रशिक्षणार्थी समुपदेशक होती आणि तिच्याच वर्गातला एकजण क्लायंटच्या भूमिकेत होता. तो राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करणारा, पूर्व परीक्षेत तिसऱ्यांदा अडकलेला शेतकऱ्याचा मुलगा झाला होता. त्या दहा मिनिटांत प्रशिक्षणार्थी एकतीस वेळा बोलली: चौदा प्रश्न, सहा प्रतिबिंबने, पाच सल्ले किंवा दिलासे आणि सहा हुंकार. चौदांपैकी अकरा प्रश्न बंद होते. मिलर आणि रोलनिक यांच्या प्रेरणात्मक मुलाखत या समुपदेशन पद्धतीच्या मापनात एका प्रश्नामागे एक प्रतिबिंबन म्हणजे ठीक आणि दोन म्हणजे चांगले, असा ढोबळ निकष आहे. तो त्या विशिष्ट पद्धतीसाठी केलेला असल्यामुळे मी त्यावर पास-नापास ठरवत नाही, पण चौदाला सहा हे प्रमाण प्रशिक्षणार्थीपुढे ठेवले की ‘मी तर ऐकतच होते’ हा वाद उरत नाही.

प्रश्न मोजताना मराठीची स्वतःची अडचण लक्षात ठेवावी लागते. ‘तुम्हाला वाईट वाटलं ना?’ हे वाक्य प्रतिबिंबनासारखे दिसते, पण शेवटचा ‘ना’ समोरच्याकडून होकार वदवून घेतो, म्हणून मी ते बंद प्रश्नातच धरते. ‘का’चेही तसेच आहे. ‘फोन का उचलला नाही?’ हा व्याकरणाने खुला प्रश्न आहे, पण आपल्या घरांत तो वडीलधाऱ्यांनी जाब विचारताना वापरलेला असतो आणि क्लायंट लगेच सफाई देऊ लागतो. ‘फोन वाजतो तेव्हा काय होतं?’ असे विचारले की तो प्रसंग सांगतो. केवळ प्रश्नाचा प्रकार लिहून थांबलात तर हा फरक निसटतो, म्हणून प्रत्येक प्रश्नानंतर क्लायंटने काय केले तेही वाचावे.

समानुभूतीचे गुण तर मी जवळजवळ पूर्णपणे क्लायंटच्या पुढच्या वाक्यावरून देते. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी 1957 सालच्या लेखात उपचारात्मक बदलासाठी ज्या सहा अटी मांडल्या, त्यांतली शेवटची अशी, की समुपदेशकाची समानुभूती आणि स्वीकार निदान थोड्या प्रमाणात तरी क्लायंटपर्यंत पोहोचला पाहिजे. म्हणजे पुरावा समोरच्या माणसात शोधायचा. ‘मी समजू शकते’ हा नुसता दावा असतो. त्याला मी गुण देत नाही. या सत्रातली दोन ठिकाणे पाहा.

सातव्या मिनिटाला मुलगा म्हणाला, ‘ऊसाचं बिल आलं की बाबा पहिल्यांदा माझे पैसे पाठवतात. आता त्यांचा फोन आला तरी उचलू वाटत नाही.’ प्रशिक्षणार्थीने विचारले, ‘म्हणजे अभ्यासाचं टेन्शन आलंय का?’ तो म्हणाला, ‘हो, तेच.’ आणि थांबला. बाबा, पैसे आणि फोन या तिन्ही गोष्टी तिथे हरवल्या. ‘हो, तेच’ हे सहमतीसारखे ऐकू येते, पण ज्या होकारानंतर बोलणे आटते तो होकार बहुधा सौजन्याचा असतो.

अकराव्या मिनिटाला ती पुन्हा तिथे आली: ‘बाबांचा फोन दिसला की पैशांचा हिशेब डोळ्यांपुढे येतो.’ मुलगा क्षणभर थांबून म्हणाला, ‘हिशेब नाही. ते कधी विचारतच नाहीत. त्यानंच जास्त लागतं.’ तिचा अंदाज चुकला होता, तरीही संपूर्ण सत्रातले सर्वाधिक गुण मी याच जागेला दिले, कारण क्लायंटने तिला दुरुस्त केले आणि दुरुस्त करताना तो आणखी आत गेला. त्यानंतर ती म्हणाली, ‘विचारलं असतं तर सोपं गेलं असतं.’ पुढे नऊ सेकंद शांतता होती आणि ती शांतता तिने भरली नाही. नवखे परीक्षक अशा ठिकाणी ‘अर्थ चुकीचा लावला’ म्हणून गुण कापतात. कापायचेच असतील तर दुरुस्ती ऐकूनही जी आपल्याच अंदाजाला धरून बसते तिचे कापावेत.

मर्यादांच्या बाबतीत मात्र सरासरी काढू नये, असे माझे ठाम मत आहे. बाकी तीन गोष्टींत उत्तम गुण असले, तरी एखादी मर्यादा मोडली असेल तर ती स्वतंत्रपणे नोंदवून सत्र पुन्हा घ्यायला लावावे. या सत्रात अशा दोन जागा होत्या. पहिली सुरुवातीलाच: ‘काहीही सांगा, कुणालाही कळणार नाही.’ हे वचन पाळता येण्याजोगे नाही. जिवाला धोका असेल तेव्हा गोपनीयतेला अपवाद करावा लागतो, आणि बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हे अपवाद पहिल्या दोन-तीन मिनिटांत साध्या भाषेत सांगितले का, एवढे पाहावे.

दुसरी जागा खास आपल्या भागातली आहे. मुलाने कागल तालुक्याचे नाव घेताच ती म्हणाली, ‘अरे, मुरगूडचा काय? माझी मावशी तिथंच असते.’ आणि तिथून ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले. कोल्हापुरात ओळख काढणे हा आपुलकीचाच भाग आहे आणि तिचा हेतूही तोच होता. परंतु समुपदेशनात ओळख निघाली की क्लायंटच्या मनात ‘ही गोष्ट गावात पोहोचेल का’ हा हिशेब सुरू होतो. कागदावर तो दिसलाही: त्यापुढच्या चार उत्तरांत त्याने घराचा उल्लेखच केला नाही. नुसत्या ‘तू’ला मी गुण कापत नाही, कारण काही तरुणांना तेच मोकळे वाटते, मात्र संबोधन कोणी ठरवले आणि क्लायंटला विचारले का, हे बघते.

एक मर्यादा तुमच्या मूल्यमापनालाही आहे. वर्गमित्र क्लायंट झाला की तो मैत्रिणीला सांभाळून घेतो आणि वाईट प्रश्नांनाही भरघोस उत्तरे देतो. म्हणून तुमचे मत सांगण्याआधी त्याला एकट्याला विचारा, की कुठे बोलावेसे वाटले आणि कुठे आवरते घेतले, आणि त्या जागा उताऱ्यावर खुणा करून मागा. वरच्या सत्रात त्या मुलाने दोन खुणा केल्या होत्या: ‘टेन्शन आलंय का’ आणि ‘मावशी’. प्रशिक्षणार्थीशी बोलताना मी त्या दोन ओळींपासूनच सुरुवात केली, आणि एकूण गुण सर्वांत शेवटी सांगितले, कारण आकडा आधी कळला की पुढचे काहीच ऐकू येत नाही.