नंबरांची गटवारी: प्रीफिक्सवर किती विसंबायचं?

आमच्या माजी विद्यार्थी संघाकडे अठरा हजारांच्या आसपास मोबाइल नंबर आहेत. बरेचसे भारतातले, बाकी आखात, ब्रिटन, अमेरिका. मेळाव्याचा निरोप पाठवायचा आहे. पहिल्या चार-पाच आकड्यांवरून राज्य आणि कंपनी असे गट पाडायला घेतले, तर साठाच्या वर गट झाले. बरोबर चाललंय का?

साठ गटांना तुम्ही साठ वेगवेगळ्या गोष्टी करणार आहात का? नसाल, तर ही मेहनत वाया आहे. शिवाय ते गट खरेही नाहीत.

भारतीय मोबाइल नंबरचे सुरुवातीचे आकडे एवढंच सांगतात, की ती मालिका मुळात कोणत्या कंपनीला, कोणत्या दूरसंचार परिमंडळासाठी दिली होती. देशात अशी २२ परिमंडळं आहेत. पण २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते आणि ३ जुलै २०१५ पासून परिमंडळही बदलता येतं. त्याआधीही माणसं दुसऱ्या राज्यात राहायला गेली की जुनाच नंबर वापरत होतीच. त्यामुळे प्रीफिक्सवरून कळतं ते सिम पहिल्यांदा कुठे घेतलं हे. माणूस आज कुठे आहे, हे त्यावरून ठरत नाही. मेळाव्याचं ठिकाण शहरानुसार वेगळं कळवायचं असेल, तर नंबरकडे न बघता तुमच्या नोंदवहीतला पत्ता धरा.

कंपनीचा विचार तर सोडूनच द्या. नंबर सध्या कोणत्या नेटवर्कवर आहे, याची चौकशी मेसेज पाठवणारं गेटवे किंवा त्याच्या पुढची यंत्रणा स्वतःच करते आणि त्यानुसार मार्ग ठरवते. तुम्ही प्रीफिक्सवरून लावलेली कंपनी तिथे कोणी विचारातही घेत नाही.

देशाचा कोड मात्र पक्का असतो, कारण नंबर एका देशातून दुसऱ्या देशात पोर्ट होत नाही. आणि नियोजनात खरोखर फरक पडतो तो देशामुळेच. दर देशागणिक बदलतो, घड्याळ बदलतं आणि पाठवणाऱ्याच्या नावाचे नियमही बदलतात. भारतात हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि मजकुराचा टेम्प्लेट आधी डीएलटी या नोंदणी-यंत्रणेवर नोंदवावा लागतो, नाहीतर मेसेज अडतो. अमिरातीतही पाठवणाऱ्याचं नाव आधी नोंदवावं लागतं. अमेरिकेत अक्षरी नाव चालतच नाही, नोंदणी केलेल्या नंबरावरूनच पाठवावं लागतं. म्हणजे तुमचे गट मोजकेच: भारत, आखातातला एकेक देश, ब्रिटन, उत्तर अमेरिका आणि उरलेले.

यादी तीन ठिकाणांहून गोळा झाली आहे. कुठे आधी शून्य, कुठे `0091`, कुठे नुसते दहा आकडे. सगळ्यांच्या सुरुवातीचं `91` काढून टाकलं, तर काही नंबर आठच आकड्यांचे उरले. असं का?

कारण `91` ने सुरू होणारे दहा आकडी भारतीय मोबाइल नंबर भरपूर आहेत. त्यांच्यातलं `91` हा देशाचा कोड नव्हता, नंबरचाच भाग होता. तुम्ही नंबरचेच पहिले दोन आकडे छाटलेत. मूळ फाइल शाबूत असेल तर तिथूनच पुन्हा सुरुवात करा. आठ आकड्यांना पुढे `91` जोडून दुरुस्ती करत बसू नका, कारण त्यात मुळातच अपुरा लिहिलेला एखादा नंबरही असू शकतो.

कोड काढण्याऐवजी सगळीकडे तो लावायचा, ही दिशा धरा. शेवटी प्रत्येक नंबर अधिकचं चिन्ह, देशाचा कोड आणि पुढे नंबर अशाच रूपात हवा. या रूपाला ई.१६४ म्हणतात आणि त्यात जास्तीत जास्त १५ आकडे असतात. आधी मोकळ्या जागा, कंस, रेघा काढून टाका. मग `+` असेल तर नंबर तसाच ठेवा आणि सुरुवातीला `00` असेल तर त्याजागी `+` घाला. एकूण १२ आकडे असून `91` च्या पुढचा आकडा ६ ते ९ असेल तर नुसता `+` लावा. नुसते दहा आकडे किंवा शून्य अधिक दहा आकडे असतील, तर `+91` लावायचा मोह होईल. इथे जरा थांबा.

हा नंबर बघा: `07700900123`. ब्रिटनच्या नियामकाने नाटक-सिनेमात दाखवण्यासाठी राखून ठेवलेल्या मालिकेतला आहे, कोणाचाही नाही. ब्रिटनमधला माणूस आपला मोबाइल असाच लिहितो, शून्यासकट अकरा आकडे. पण शून्य काढलं तर `7700900123` उरतं आणि ते दिसायला अगदी भारतीय मोबाइलसारखं. एकट्या नंबराकडे बघून त्याचा देश कळत नाही. तसंच `65` ने सुरू होणारे दहा आकडे हा भारतीय नंबर असेल किंवा `+` न लिहिलेला सिंगापूरचा असेल, कारण तिथला मोबाइल ८ किंवा ९ ने सुरू होतो आणि आठ आकडीच असतो.

म्हणून तिन्ही याद्या एकत्र करण्याआधी प्रत्येकीत एक स्तंभ वाढवा: ‘स्रोत’. भारतातल्या शाखेची यादी असेल तर शून्य काढून `+91`, लंडनच्या शाखेची असेल तर शून्य काढून `+44`. स्रोत माहीत नाही, `+` पण नाही, असा नंबर ‘संशयित’ म्हणून बाजूला ठेवा. तो गट छोटाच असतो, हाताने तपासता येतो.

अजून एक, खास मराठी याद्यांमधलं. कोणीतरी हौसेने नंबर देवनागरी आकड्यांत टाइप केलेले असतात. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं `\d` त्या आकड्यांनाही आकडेच मानतं, त्यामुळे सफाईतून ते सुखरूप बाहेर पडतात आणि पुढे कोणत्याच प्रीफिक्सशी जुळत नाहीत. आधी त्यांचे इंग्रजी आकडे करून घ्या.

पहिला आकडा ६ ते ९ असला की भारतीय मोबाइल, हे धरून चालू का?

बहुतांशी चालतं, शंभर टक्के नाही. अहमदाबादचा एसटीडी कोड `079` आणि बंगळुरूचा `080`. शून्य काढलं की तिथल्या लँडलाइनही दहा आकडी होतात आणि ७ किंवा ८ ने सुरू होतात. चाचणी पाठवल्यावर `79` आणि `80` ने सुरू होणाऱ्यांत नापास नंबर जास्त निघाले, तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी.

एक्सेलमध्ये नंबर `9.18E+11` असे दिसतात. स्तंभाचा फॉरमॅट ‘नंबर’ केला की नीट होतात, मग काळजी कशाला?

तोवर ठीक आहे, कारण एक्सेल १५ आकड्यांपर्यंत किंमत जशीच्या तशी ठेवतं. घात होतो तो त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली की. सीएसव्हीमध्ये पडद्यावर दिसतं तेच उतरतं. फाइल पुन्हा उघडल्यावर शेकडो नंबर `918000000000` सारखे, शेपटीला नुसती शून्यं लावलेले सापडतात. गट मोजताना एकाच नंबराच्या अचानक शेकडो प्रती दिसल्या, तर हेच झालं आहे असं समजा. ते आकडे परत मिळत नाहीत, मूळ फाइलकडेच जावं लागतं. म्हणून फाइल दुहेरी क्लिक करून उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधून आयात करा आणि नंबरच्या स्तंभाचा प्रकार टेक्स्ट ठेवा.

कोड लावून झाले. पण `+1` मध्ये अमेरिका, कॅनडा, जमैका सगळेच येतात. ते वेगळे कसे करायचे?

सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स धरायचा. `+1` हा कोड अमेरिका, कॅनडा आणि कॅरिबियनमधले बरेच देश मिळून वापरतात. `1876` म्हणजे जमैका, `1416` म्हणजे टोरांटो. `+7` रशियाचाही आणि कझाकस्तानचाही, पण `77` ने सुरू होणारे मोबाइल कझाकस्तानचे. ब्रिटनच्या `+44` मध्येही `447624` ही मालिका आइल ऑफ मॅनची आहे आणि तिथला दर ब्रिटनपेक्षा वेगळा असू शकतो.

तक्ता लहानमोठ्या प्रीफिक्सचा असू द्या. शोध मात्र लांबाकडून आखूडाकडे घ्या, नाहीतर जमैकाचा नंबर `1` लाच जुळून अमेरिकेत जाईल.

```python
def gat(num, takta):          # num: '+' शिवाय
    for n in range(7, 0, -1):
        if num[:n] in takta:
            return takta[num[:n]]
    return "संशयित"
```

तक्ता स्वतः टाइप करू नका. तुमच्या गेटवेची दरपत्रकाची फाइल प्रीफिक्सनुसार मिळत असेल तर तीच वापरा, म्हणजे गट आणि बिल एकाच मापाने मोजले जातील.

अमेरिकेत चार-पाच टाइम झोन. एरिया कोडवरून वेळ ठरवावी का?

नको. तिथेही माणूस शहर बदलतो आणि जुना एरिया कोड सोबत नेतो. त्यापेक्षा सगळ्यांना चालेल अशी एकच वेळ शोधा.

पहिल्या प्रश्नातल्या यादीचंच गणित करू. यूटीसी १३:३० ला भारतात संध्याकाळचे ७, अमिरातीत साडेपाच, ब्रिटनमध्ये ऋतूप्रमाणे दुपारचे दीड किंवा अडीच. तिघांनाही सोयीचं. पण त्या क्षणी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पहाटेचे साडेपाच किंवा सकाळचे साडेसहा असतात. म्हणून `+1` चा गट वेगळा काढून यूटीसी १७:०० ला पाठवा: न्यूयॉर्कला दुपारचे १२ किंवा १, पश्चिमेला सकाळचे ९ किंवा १०. फक्त हवाईत तेव्हा सकाळचे ७च वाजतात, तेव्हा `1808` बाजूला काढून तीन तासांनी पाठवा. एरिया कोडवर विसंबू नका म्हणालो खरा, पण इथे अंदाज चुकला तरी कोणाची झोप मोडत नाही.

पाठवण्याच्या दोन मुख्य खेपा, बस. त्यासाठी साठ गट लागत नाहीत.

भारतातल्या गटाला मराठीत आणि बाकीच्यांना इंग्रजीत पाठवलं तर खर्चात फरक पडेल?

पडेल, आणि बराच. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. त्यापुढे तुकडे पडतात आणि जोडणीची माहिती प्रत्येक तुकड्यात जागा खाते, म्हणून इंग्रजीत तुकड्याला १५३ आणि देवनागरीत ६७ धरा. १५० अक्षरांचा मजकूर इंग्रजीत एक मेसेज होतो, मराठीत तीन. आणि देवनागरीत डोळ्यांनी मोजू नका: ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं, एसएमएस त्याची चार मोजतो. उलट इंग्रजी मजकुरात एक इमोजी शिरला, तरी तो संपूर्ण मेसेज ७० च्या मापात जातो.

गटवारी चुकली आहे हे पाठवण्याआधी कसं कळेल?

प्रत्येक गटातून यादृच्छिक पन्नासेक नंबर उचला आणि आधी त्यांनाच पाठवा. यादीतले पहिले पन्नास घेऊ नका, ते बहुधा एकाच स्रोतातले असतात. मग डिलिव्हरी रिपोर्ट गटागटाने बघा. एखादा गट जवळपास सगळाच नापास झाला, तर दोष नंबरांत नाही. पाठवणाऱ्याचं नाव किंवा टेम्प्लेट त्या देशात नोंदलेलं नाही. नापास नंबर सगळ्या गटांत विखुरलेले असतील तर ते बंद पडलेले नंबर, ते काढून टाका. आणि नापास सगळे एकाच ‘स्रोता’तले निघाले, तर कोड लावतानाच चूक झाली आहे: लंडनच्या यादीला `+91` लागलं असेल. अशा वेळी पुढची खेप रोखा, कारण चुकीच्या कोडचे काही नंबर ‘पोहोचला’ असंही दाखवतील आणि तुमचा निरोप कोणा तिसऱ्याच माणसाच्या फोनवर गेलेला असेल.